साइज ३६, ‘४२ पर्यंत होतो’: उसवून नेमकं काय मिळतं?

“ताई, पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे. ऑनलाइन एक ब्रोकेडचा तयार ब्लाऊज आवडलाय. खाली लिहिलंय: साइज ३६, ४२ पर्यंत आल्टर होतो, दोन्ही बाजूंना दीड इंच मार्जिन, पॅडेड, बाही १० इंच. तोच ब्लाऊज ४० मध्येही आहे, बाकी मजकूर तोच. मी ३६ सीची ब्रा घालते. टेपने छाती साडेएकोणचाळीस भरते, छातीखाली पस्तीस, दंड तेरा. मैत्रीण म्हणते ३६ घे, उसवून सैल करता येईल, मोठा घेतलास तर ढगळ दिसेल. काय करू?”

चाळीस घ्या. तुमच्या मैत्रिणीचा हिशेब कागदावर जुळतो आणि अंगावर फसतो. माझ्याकडे लग्नसराईत आल्टरला येणाऱ्या तयार ब्लाऊजमध्ये हीच चूक सगळ्यांत जास्त दिसते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या ३६ आकड्याबद्दल. ब्राच्या पट्टीवरचा ३६ आणि ब्लाऊजवरचा ३६ ही दोन वेगळी मापं आहेत. ब्राचा आकडा छातीखालच्या घेराशी जोडलेला असतो आणि वरचा उभार ए, बी, सी या अक्षरात सांगितलेला असतो. ब्लाऊजला असं अक्षर नसतं, तिथला आकडा थेट छातीच्या सगळ्यांत भरलेल्या जागेचा असतो. ३६ सी घालणाऱ्या बाईची छाती साधारण एकोणचाळीसच्या आसपास भरते, तुमचीही तशीच भरली आहे. म्हणजे ब्लाऊजच्या भाषेत तुम्ही छत्तीसच्या नाही, चाळीसच्या आहात. ‘मी छत्तीसच घालते’ म्हणून छत्तीस मागवणाऱ्या बायका तीन-चार इंचांनी चुकलेल्या असतात.

दुसरी गोष्ट, तो आकडा अंगाचा आहे की कपड्याचा? काही विकणारे ३६ म्हणजे ‘छत्तीस छातीच्या बाईला बसेल’ असं धरतात, आणि कपडा प्रत्यक्षात साडेछत्तीस-सदतीस असतो. काही जण शिवलेला कपडा मोजून ३६ लिहितात. ब्रोकेडसारख्या न ताणणाऱ्या कापडात श्वास घ्यायला आणि हात वर करायला निदान एक इंच मोकळीक लागते. तुमच्या साडेएकोणचाळीसला तयार कपडा साडेचाळीस हवा. पुढचा सगळा हिशेब मी या साडेचाळीसवर करते आहे.

आता मार्जिन. आम्ही शिवणकामात तिला माया म्हणतो: शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. ब्लाऊजला दोन बाजूंच्या दोन शिवणी असतात, आणि प्रत्येक शिवणीत पुढचा एक पदर आणि पाठीचा एक पदर असतो. म्हणजे माया चार ठिकाणी असते. शिवण अर्धा इंच बाहेर सरकवली की चार पदरांचे मिळून दोन इंच वाढतात, म्हणजे बरोबर एक साइज. म्हणूनच नीट शिवलेल्या तयार ब्लाऊजमध्ये आत अर्ध्या-अर्ध्या इंचावर दोन-तीन टिपा मारलेल्या असतात. सगळ्यांत आतली उसवली की छत्तीसचा अडतीस होतो, पुढची उसवली की चाळीस.

पण सगळी माया वापरता येत नाही. शिवणीच्या बाहेर थोडं कापड राहिलंच पाहिजे, नाहीतर पहिल्यांदा हात उचलला की शिवण उसवेल. साध्या सुती कापडाला दोन सूत पुरतात (आठ सूत म्हणजे एक इंच). ब्रोकेडचे धागे सुटतात, तिथे मी तीन सुतांच्या खाली जात नाही, चार असले तर बरं.

हे तुमच्या छत्तीसला लावून बघू. कपडा खरोखर छत्तीस असेल, तर साडेचाळीससाठी साडेचार इंच वाढवायचे. चार पदरांत वाटले तर प्रत्येकी एक इंच एक सूत, म्हणजे नऊ सूत. माया दीड इंच, म्हणजे बारा सूत. बारातून नऊ गेले, तीन उरले. जेमतेम, पण जुळलं. तुमच्या मैत्रिणीचा हिशेब तो हाच.

त्याच हिशेबाने जाहिरातीतला ४२ मात्र जुळत नाही. छत्तीसपासून बेचाळीस म्हणजे सहा इंच, प्रत्येक पदराला दीड इंच. सगळी माया संपली, शिवायला सूतभरही कापड उरलं नाही. ‘इतक्यापर्यंत होतो’ असं वाचलं की फरकाला चाराने भागायचं, त्यात तीन सूत मिळवायचे, आणि तेवढी माया लिहिली आहे का बघायचं. तेवढी नसेल तर विकणाऱ्याने कपडा मोजून लिहिलेलं नाही.

‘दोन्ही बाजूंना दीड इंच’ हे शब्दही मोघम आहेत. दीड इंच प्रत्येक पदराला, की पुढचा-मागचा मिळून? मिळून असेल तर पदराला पाऊण इंचच आला, त्यातून दोन-तीन सूत सोडले की चारही पदर मिळून दीड-दोन इंचच वाढणार. मग छत्तीसचा फार तर अडतीस होईल, चाळीस कधीच नाही.

समजा तुमचं नशीब चांगलं निघालं, माया प्रत्येक पदराला दीड इंच आहे. तरीही मी छत्तीस घेऊ नका म्हणते, कारण माया काखेखाली असते आणि तुमची छाती पुढे असते. शिवण सोडल्यावर जे साडेचार इंच मिळतात त्यातले निम्मे पाठीत जातात. तुमची पाठ छत्तीसवालीच्या पाठीपेक्षा काही सव्वादोन इंच रुंद नाही. वाढ पुढे हवी आहे, आणि पुढेही नेमकी उभाराच्या जागी हवी आहे. शिवण सोडल्याने पुढचा भाग काखेच्या बाजूने रुंद होतो, कटोरी किंवा प्रिन्सेस कटची खोली होती तेवढीच राहते. टक्सची टोकं जागची हलत नाहीत. कटिंग करताना मी मध्यापासून उभाराच्या टोकापर्यंतचं अंतर छातीच्या दहाव्या भागाइतकं धरते. छत्तीसला ते साडेतीन इंचांच्या किंचित पुढे येतं, चाळीसला चार. शिवाय मोठ्या साइजमध्ये हे टोक खांद्यापासून थोडं खालीही असतं. उसवलेल्या छत्तीसमध्ये ते आत आणि वर अडकून बसतं.

आणखी एक मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही, तो उंचीचा. भरलेल्या छातीवरून खाली येताना कापडाला जास्त अंतर कापावं लागतं. बाजूची शिवण कितीही सोडा, उंची वाढत नाही. मग पुढची पट्टी उचलली जाते, छातीखाली टेकायची ती वर सरकते आणि बाई दिवसभर ब्लाऊज खाली ओढत राहते. मागे एका गिऱ्हाइकाने चौतीसचा उसवून चाळीस केलेला ब्लाऊज आणला होता. घेर टेपने बरोबर चाळीस भरत होता. तरी काखेकडून कटोरीकडे आडव्या ओढी पडत होत्या, पाठीत कापड झोळीसारखं लोंबत होतं आणि पुढची पट्टी बोटभर वर होती. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की समजा, घेर पुरलाय पण पुढचा भाग लहान साइजचा आहे. त्यावर शिंप्याकडे इलाज नाही, पुढचा भाग नवा कापावा लागतो, आणि तयार ब्लाऊजसोबत तेवढं कापड मिळत नाही. मी त्या बाईंना नाही म्हटलं, आणि नाही म्हणताना वाईट वाटलं. लग्नाला चार दिवस होते.

पॅडेड ब्लाऊजमध्ये हा दोष जास्त उघडा पडतो. साध्या ब्लाऊजला चार-दोन सूत इकडेतिकडे झाले तर कापड सावरून घेतं. फोमच्या कपचा आकार ठरलेला असतो. तो छत्तीसचा असेल तर तुमच्या उभारावर पूर्ण बसणार नाही. कपची कड मध्येच येईल आणि ब्रोकेडवरून आडवी रेघ उमटेल, वर काखेजवळ मांस बाहेर दाबलं जाईल. फोटोत ती रेघ हमखास दिसते.

म्हणून ‘पॅडेड’ एवढ्या एका शब्दावर थांबू नका. पॅड कसे बसवलेत हे विचारा. ते तीन तऱ्हांनी असतात. अस्तराला खिसा ठेवून आत सरकवलेले, ते काढता-घालता येतात आणि बदलणं पाच मिनिटांचं काम. अस्तर आणि वरच्या कापडाच्या मध्ये घालून कडेने टाके घातलेले, त्यासाठी खालची पट्टी उसवून अस्तर उघडावं लागतं, पण जमतं. आणि तिसरे प्रिन्सेस कटच्या शिवणीतच दाबून शिवलेले. हे काढायचे म्हणजे पुढचा सगळा भाग मोकळा करायचा, आणि ब्रोकेडवर जुन्या सुईच्या भोकांची रांग राहते. ब्लाऊज उलटा करून काढलेला एक फोटो मागवला की यातलं कोणतं ते लगेच कळतं. खिशाची फट दिसली तर उत्तम.

पॅडेड ब्लाऊज ब्राशिवाय घालायचा की ब्रावर, हे मोजण्याआधी ठरवा. भरलेल्या छातीला पातळ फोमचा कप आकार देतो, आधार देत नाही. आधार मिळतो तो छातीखालच्या घट्ट पट्टीचा. तुमच्या मापाला मी ब्रा घालायलाच सांगेन. मग आत ब्राचा कप आणि वर ब्लाऊजचा कप अशी दुहेरी जाडी येते आणि ब्लाऊज अर्धा ते एक इंच घट्ट लागतो. अशा वेळी पॅड काढता येणारे असतील तर ते काढूनच टाकावेत. साडेएकोणचाळीस हे माप कोणत्या ब्रावर घेतलं तेही पाहा, लग्नात घालायची तीच असायला हवी. जाड कपच्या ब्रावर मोजलं आणि पातळ घातली की फरक पडतोच.

बाहीकडे येते. ‘बाही १० इंच’ म्हणजे खांद्याच्या शिवणीपासून कडेपर्यंत दहा. खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंतचं अंतर बहुतेक बायकांचं तेरा इंचांच्या आसपास असतं, म्हणजे ही बाही कोपराच्या दोन-तीन इंच वर संपेल. फोटोत मॉडेलच्या कोपराला टेकलेली दिसली तरी तुम्हाला तशी दिसेलच असं नाही, कारण खांदापट्टी अरुंद असेल किंवा गळा पसरट असेल तर बाही जिथून सुरू होते ती जागाच सरकते. स्वतःच्या हाडापासून दहा इंच मोजून हातावर पेनाने खूण करा आणि आरशात बघा. लांबी वाढवायचा भरवसा धरू नका. आत दुमडलेलं कापड फार तर इंचभर असतं, आणि काठाची बाही असेल तर काठ कडेला असल्याने तेही सोडता येत नाही.

लांबीपेक्षा मला दंडघेराची जास्त काळजी वाटते, आणि नेमका तोच लिहिलेला नाही. तुम्ही दंड तेरा सांगितला, तो बहुतेक सगळ्यांत जाड जागी मोजला असेल. दोन ठिकाणी मोजा: काखेखाली जिथे दंड भरलेला आहे तिथे, आणि हाडापासून दहा इंचांवर जिथे बाही संपणार तिथे. दोन्हीकडे अर्धा-पाऊण इंच मोकळीक धरून मग विकणाऱ्याला बाहीचा घेर विचारा. छत्तीसच्या साइजला कडेचा घेर साडेअकराच्या आसपासच असतो असा माझा अनुभव आहे.

बाहीची माया अंगाच्या मायेपेक्षा तोकडी पडते. बाहीला एकच शिवण, म्हणजे दोनच पदर. इंचभर माया असेल तर दोन-तीन सूत सोडून मिळतो सव्वा ते दीड इंच. आणि अंगाची शिवण व बाहीची शिवण काखेत एकमेकींना मिळतात. अंग नऊ सूत बाहेर सरकवलं तर त्या टोकाला बाहीही नऊच सूत सरकवावी लागते, नाहीतर मुंढा मोठा आणि बाही लहान असं होऊन काखेत चुण्या पडतात. म्हणजे छत्तीसच्या बाहीतही दीड इंच माया लागली. तयार ब्लाऊजच्या बाहीत मला ती पाऊण, फार तर एक इंच सापडते. मैत्रिणीच्या हिशेबात हे धरलेलंच नव्हतं. काखेत चौकोनी तुकडा जोडून काम भागवता येतं, पण त्याच ब्रोकेडचा तुकडा आणायचा कुठून?

काखेतली जोडणी कशी आहे तेही फोटोत दिसतं. बाहीच्या कडेपासून कमरेपर्यंत एकच सरळ टीप गेली असेल तर आल्टर सोपं, शिंपी एका दमात दोन्ही सोडतो. बाही शेवटी गोल फिरवून बसवली असेल तर काखेजवळचा मुंढा उसवून पुन्हा बसवावा लागतो. हे काम दुप्पट वेळाचं आणि मजुरीही तशी.

माया आहे पण वापरता येत नाही असंही होतं. कधी वरच्या कापडाला दीड इंच असते आणि अस्तर शिवणीला लागून कापलेलं असतं. अस्तर सुटल्याशिवाय ब्लाऊज सैल होत नाही. कधी कमरेच्या वळणावर शिवण नीट बसावी म्हणून मायेला कात्रीचे छेद दिलेले असतात, शिवण बाहेर नेली की ते छेद उजेडात येतात. आणि आरी वर्क असेल तर ते मूळ शिवणीपाशी थांबतं, सोडलेली पट्टी कोरी दिसते. गोल साडीत डावी बाजू उघडी असते, तिथे ती कोरी पट्टी नजरेत भरते. तुमचा साधा ब्रोकेड आहे, तेव्हा ही शेवटची अडचण तुम्हाला नाही.

आता चाळीस का, ते त्याच हिशेबाने. तो कपडा मोजून चाळीस निघाला तर अर्धा इंच वाढवायचा, म्हणजे प्रत्येक पदराला एक सूत. हे कोणताही शिंपी हसत करेल, बाहीची मायाही त्याला पुरेल. एक्केचाळीस निघाला तर चारही पदरांत सूतभर दाबायचं, किंवा ब्रावर घालणार असाल तर तसाच राहू द्यायचा. कटोरी, कप आणि उंची मुळात तुमच्या मापाला कापलेली असतील. ढगळपणाची भीती आहे ती छातीखाली. तिथे तुमचे पस्तीस आहेत, पॅड काढले तरी तिथलं माप बदलत नाही. ब्लाऊज तिथे सदतीस निघाला तर शिवण छातीपाशी जशीच्या तशी ठेवून खाली तिरकी आत घ्यायची, प्रत्येक पदराला साधारण तीन सूत. घालायला त्रास होऊ नये म्हणून पस्तीसपर्यंत नका दाबू, साडेपस्तीसला थांबा. दाबण्यात कापड कमी पडत नाही, म्हणून थोडा मोठा घेऊन दाबणं सुरक्षित. एक साइज सोडणं मी डोळे मिटून करते. दोन साइज सोडायची वेळ आली तर पॅड बदलता येतात का ते आधी बघते. तीनला हात लावत नाही.

पैसे भरण्याआधी विकणाऱ्याला एवढंच लिहा: “चाळीसचा ब्लाऊज उलटा करून बाजूच्या शिवणीवर टेप ठेवून फोटो पाठवा, अस्तराची माया दिसू द्या. हूक लावून पुढचा भाग शिवणीपासून शिवणीपर्यंत कपवरून किती आणि पाठ किती, ते वेगवेगळं सांगा. बाहीच्या कडेचा घेर आणि पॅड काढता येतात का, तेही सांगा.” पुढचा आणि मागचा भाग वेगळा मागायचं कारण असं, की पॅडेड ब्लाऊज टेबलावर सपाट बसत नाही. काखेपासून काखेपर्यंत मोजून दुप्पट केलं तर कपच्या फुगीर भागाचे इंच-दीड इंच हिशेबातून सुटतात. पुढचा भाग पाठीपेक्षा दोन-तीन इंच जास्त आला तर ते तुमच्या अंगाला चांगलं लक्षण.

ब्लाऊज घरी आला की एकही टाका न उसवता ठरलेल्या ब्रावर घालून बघा. एकदा उसवलेला कपडा कोणी परत घेत नाही. दोन्ही हात वर करा, पुढची पट्टी छातीखालून सुटते का पाहा. कपची कड कापडावरून उमटते का ते खिडकीच्या उजेडात बाजूने उभं राहून बघा. खाली पट्टी सैल वाटली किंवा घेर थोडा कमी वाटला तर ठेवा, ते होण्यासारखं आहे. कप लहान असेल किंवा पट्टी उचलली जात असेल तर त्याच दिवशी परत पाठवा.

शिंप्याकडे साडीसकट जा, निदान आठ दिवस आधी. सैल करायचं असेल तर त्यांना सांगा, आधी बाहेरची नवी टीप मारा, मगच आतली जुनी उसवा, आणि ब्लाऊज घालून बघू द्या. जुनी टीप जागेवर असेपर्यंत ब्लाऊजचा आकार हलत नाही, नवी रेघ सरळ येते. उसवल्यावर आतल्या बाजूने सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवायची, म्हणजे जुन्या टिपेची घडी मोडते. भोकं ब्रोकेडवर थोडी राहतील, पण एका सुताच्या फरकात ती नव्या शिवणीच्या इतकी जवळ येतात की काखेखाली कोणाला दिसत नाहीत.